दरवाढीच्या पाटीचे शास्त्र

मासिक पैसे भरून जेवण देणाऱ्या खाणावळीतील दरवाढ ही अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सहसा न आढळणारी, परंतु पुण्याच्या पेठांत नेमाने आढळणारी घटना असून, तिची अधिकृत वाच्यता बहुधा वहीच्या अर्ध्या पानावर केली जाते. हे पान महिन्याच्या अखेरच्या रात्री, शेवटचा मेंबर जेवून उठल्यावर, हात धुण्याच्या बेसिनवर चिकटवले जाते आणि त्यावर ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजास्तव उद्यापासून मासिक दरात तीनशे रुपये वाढ होत आहे, सहकार्य करावे’ एवढाच मजकूर असतो. त्यातील महागाई नेमकी कशाची आणि तीनशेचा आकडा आला कुठून, याविषयी पाटी मौन पाळते. ‘उद्यापासून’ या बाबतीत मात्र ती कमालीची स्पष्ट असते.

पाटी लावण्याचाही संकोच वाटणाऱ्या मालकांचा एक वेगळा संप्रदाय आहे. हा संप्रदाय दर न वाढवता पोळीचा व्यास कमी करतो, आमटीत पाण्याचे प्रमाण वाढवतो आणि आपण गेली तीन वर्षे एक रुपयाही वाढवला नसल्याचे गल्ल्यावरून अभिमानाने सांगतो. नवख्या मेंबराला यातले काही उमगत नाही. पण पाच वर्षे त्याच ताटावर जेवणाऱ्याला चौथी पोळी संपूनही वाटीत भाजी उरलेली दिसली, की पोळीचे काय झाले ते कळते. म्हणून या संप्रदायातील जाणते मालक पोळीबरोबर भाजीची वाटीही त्याच प्रमाणात लहान करतात, आणि मग पुरावा फक्त मेंबराच्या पोटात, रात्री अकराच्या सुमारास, उरतो.

पाटी प्रामाणिक असण्यासाठी किती गणित लागते, हे एका कल्पित खाणावळीवरून पाहता येईल. समजा, तिचे ५० मेंबर असून प्रत्येक जण महिन्याचे २६ डबे, डब्याला ८० रुपये या दराने घेतो. म्हणजे त्याचे मासिक बिल २,०८० रुपये होते. खाणावळीला महिन्याला पाच व्यावसायिक सिलिंडर लागतात, म्हणजे घरगुती १४.२ किलोचे नव्हेत तर १९ किलोचे, आणि प्रत्येकामागे २०० रुपये वाढले तर गॅसचे १,००० रुपये झाले. तेलाचे तीन डबे, डब्यामागे ३०० रुपयांची वाढ, असे ९०० रुपये. पोळ्या लाटणाऱ्या दोघींना मिळून २,५०० रुपये पगारवाढ आणि जागेच्या भाड्यात ८०० रुपये. एकूण ५,२०० रुपये ५० मेंबरांत वाटले, तर प्रत्येकी १०४ रुपये, म्हणजे डब्यामागे बरोबर चार रुपये येतात. दर २,१८४ रुपये व्हायला हवा. सुट्ट्या पैशांचा त्रास नको म्हणून मालकाने तो २,२०० केला तर कोणी तक्रार करणार नाही, मात्र वरचे १६ रुपये सोयीसाठी आहेत, हे पाटीवर यायला हवे. बेसिनवरच्या तीनशेतून १०४ वजा जाता उरलेल्या १९६ रुपयांनाच बहुधा नाइलाज म्हणत असावेत. मालकाला स्वतःचा नफा वाढवायचा असेल तर त्यात वावगे काहीच नाही. पण तसे उघड लिहिण्यापेक्षा गॅसच्या आड लपणे त्याला अधिक सभ्य वाटते.

या यादीत कांदा नाही, याकडे चाणाक्ष वाचकाचे लक्ष गेले असेल. खाणावळीच्या खर्चात दोन जाती असतात: एक, चढला की सहसा न उतरणारा, जसे पगार आणि भाडे, दुसरा, हंगामाप्रमाणे चढउतार करणारा, जसे कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर. पहिल्या जातीसाठी दर वाढवणे रास्त आहे; दुसरीसाठी कांद्याऐवजी कोबीची कोशिंबीर करून तेवढे आठवडे काढण्याची वहिवाट आहे. पण कांदा कडाडला की पाटी तत्परतेने लागते आणि कांदा उतरला की ती काढायची मात्र राहून जाते, असा अनुभव आहे. गॅस या दोहोंच्या मधला, कारण व्यावसायिक सिलिंडरचा दर तेल कंपन्या साधारणतः दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात आणि तो कधीकधी खालीही येतो. म्हणून एका महिन्याच्या उसळीवरून नव्हे, तर काही महिन्यांच्या सरासरीवरून त्याची वाढ धरणे शहाणपणाचे ठरते.

पूर्वसूचनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. क्रेडिट कार्डाचे शुल्क वाढवायचे तर बँकेने किमान एक महिना आधी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आमटीवर मात्र रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही. तरीही एक महिन्याची मुदत इथेही योग्य ठरते, कारण दुसरी खाणावळ शोधणे, तिथले जेवण दोन-चार दिवस पोटाला मानवते का ते पाहणे आणि मग मुकाट्याने जुन्याच ठिकाणी परत येणे, या तीन टप्प्यांना साधारण तेवढे दिवस लागतात. अडचण अशी, की सगळ्यांचा महिना एक तारखेला सुरू होत नाही. १ जूनला पाटी लागली आणि १ जुलैपासून नवा दर ठरला, तरी २० जूनला पैसे भरलेल्या मेंबराने १९ जुलैपर्यंतचे जेवण जुन्या दराने विकत घेतलेले असते. त्याच्याकडून मधल्या एकोणीस दिवसांचा फरक मागणे म्हणजे पचलेल्या जेवणाचे नव्हे, तर अजून न शिजलेल्या जेवणाचे बिल दोनदा घेणे होय. त्याचा नवा दर २० जुलैपासूनच लागू होतो.

खरी कसोटी खाड्यांची असते. खाडा म्हणजे मेंबराने आधी कळवून न घेतलेला डबा, जो पुढच्या महिन्यात वळता केला जातो. चार खाडे शिल्लक असलेल्याला मालक जुन्या दराने ३२० रुपये वळते करू पाहतो, ज्यात ८४ रुपयांचे चार डबे बसत नाहीत. मेंबर मात्र रुपये नव्हे, डबे मागतो, आणि या मुद्द्यावर गल्ल्याजवळ जो वाद रंगतो त्यापुढे न्यायालयातील युक्तिवाद फिके पडावेत. न्याय मेंबराच्या बाजूचा आहे, कारण त्याने सोडले ते जेवण होते.

तेव्हा सुधारित पाटीचा मसुदा असा होऊ शकेल: ‘गॅस, तेल, पगार आणि भाडे मिळून खर्च प्रत्येक मेंबरामागे १०४ रुपयांनी वाढला आहे. १ जुलैपासून पुढे ज्याचा महिना सुरू होईल त्याला २,२०० रुपये पडतील. त्यातले १६ रुपये सुट्ट्या पैशांच्या सोयीसाठी आहेत. आधी भरलेल्या पैशांवर फरक घेतला जाणार नाही. शिल्लक खाडे डब्यांत मिळतील. नवीन मेंबरांना हा दर आजपासून लागू. पुढील जूनपर्यंत पुन्हा वाढ नाही.’ शेवटून दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण प्रचलित पद्धतीत कालच्या मेंबराला पहिल्या महिन्यात सवलत आणि पाच वर्षांच्या मेंबराला रात्रीतून वाढ मिळते. शेवटचे वाक्य मालक बहुधा खोडतो, आणि त्या वाक्यासाठीच तर पाटी वाचायची असते.

अशी पाटी खरोखरच लागली, तर मेंबर ती सविस्तर वाचतील, एखादा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मोबाइलवर भागाकार करून १०४ चा ताळा घेईल, बाकीचे माना डोलावतील आणि मग सर्वांच्या वतीने सर्वांत जुना मेंबर मालकाला विचारेल की दर ठीक आहे, पण रविवारच्या फीस्टला श्रीखंड राहणार आहे ना, वाटी तीच ना?