निविदेप्रमाणे

बोलीपूर्व बैठकीआधी शंका पाठवायच्या त्या ठरलेल्या तक्त्यात: पान, कलम, मजकूर, शंका. शेवटचा रकाना खात्याच्या उत्तरासाठी रिकामा. तो भरायला खात्याला दोनच शब्द पुरतात.

पंपांच्या निविदेत पान 14 वर पुरवठ्याची मुदत 30 दिवस, पान 61 वर 45. दंड आठवड्याला अर्धा टक्का, तेव्हा हे पंधरा दिवस म्हणजे रोकडाच. आम्ही भाबडेपणाने विचारलं, "नेमकी मुदत किती?" उत्तर आलं, "निविदेप्रमाणे." म्हणजे दोन्ही!

"मुदत वाढवून मिळेल का?" हे तर विचारूच नये. "नाही" म्हणायला साहेबांना वरची सही लागत नाही.

मग शहाणपण आलं. पुन्हा लिहिलं, "दोन्ही पानांत विसंगती आहे. 45 दिवस धरूनच दर भरता येतील. शुद्धिपत्रक काढावे." विसंगती लेखी दाखवली की लेखापरीक्षण आठवतं आणि फाईल हलते. शुद्धिपत्रक खरंच आलं, बोली भरायच्या आदल्या संध्याकाळी. उत्तरं सगळ्यांनाच जातात, त्यामुळे बैठकीत चहा पीत गप्प बसलेल्या स्पर्धकालाही 45 दिवस मिळाले.

काम त्यालाच गेलं.