अंधारात टपाल लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

(नवोदित पोस्टमनसाठी. जुन्या जाणत्यांनी वाचल्यास हसू नये.)

व्याप्ती. प्रस्तुत मार्गदर्शन पुण्याच्या सदाशिव पेठेपुरतं, वाडे उभे होते त्या काळापुरतं आणि संक्रांतीच्या आठवड्यापुरतं आहे. एरवी टपाल उजाडल्यावर लावलं तरी चालतं. संक्रांतीला मात्र अख्ख्या महाराष्ट्राला एकदमच गोड बोलायची हुक्की येते आणि प्रत्येक जण ते बोलणं हलव्यासकट पाकिटात भरून पाठवतो. ढीग दुप्पट होतो, म्हणून पोस्टमनने पहाटे यावं. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. वीज कधी उगवेल याचं पंचांग निघालेलं नाही.

साहित्य. लाकडी खणांची मांडणी, सुतळी आणि बॅटरी. बॅटरी धरायला तिसरा हात खात्याकडून मिळत नाही, सबब ती वरच्या खणात आडवी ठेवून उजेड टेबलावर पाडावा. तोंडात धरू नये. शेजारचा पोस्टमन नेमका तेव्हाच काहीतरी विचारतो.

पायरी पहिली : पत्रं एका तोंडाने लावणे. सगळ्या पत्रांचे पत्ते वर आणि तिकिटं एकाच कोपऱ्यात आणावीत. याला उजेड लागत नाही, बोटं पुरतात. कार्ड ताठ असतं, आंतर्देशीय पत्र लिबलिबीत असतं, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं असतं. फुगीर पाकिटात हलवा असतो. तो शिक्क्याखाली आधीच भरडला गेला असल्यास त्याची जबाबदारी पोस्टमनवर येत नाही. मुंग्या लागल्या असल्यास पाकीट वेगळं ठेवावं, नाहीतर त्या सगळ्या गल्लीचं टपाल तपासतात.

पायरी दुसरी : पत्ता खालून वर वाचणे. पाठवणारा नाव आधी लिहितो, कारण त्याला माणूस महत्त्वाचा वाटतो. पोस्टमनला माणूस सगळ्यात शेवटी लागतो. आधी पिन कोड पाहावा. ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने. ४११०३० मधले पहिले तीन आकडे पत्राला पुण्यापर्यंत आणतात, उरलेले तीन आपल्या पोस्टाच्या दारापर्यंत. तिथे कवीचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं.

पिननंतर पेठ, मग देऊळ किंवा वाडा, मग घर नंबर. कार्डावर मजकूरही उघडाच असतो, पण तो वाचायचा नाही. अंधारात तर मुळीच नाही, कारण बॅटरीचे सेल आपल्या पैशाचे असतात.

पायरी तिसरी : आकड्यांची चौकशी. काही लोक पत्ता मराठीत लिहितात आणि आकडा इंग्रजीत. काही अर्धा आकडा मराठीत लिहितात. मिणमिणत्या उजेडात मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. म्हणून एका आकड्यावर कधीही विश्वास ठेवू नये, त्याला साक्षीदार मागावा. वाड्याचं नाव किंवा ‘खुन्या मुरलीधराजवळ’, ‘उपाशी विठोबासमोर’ अशी खूण हा साक्षीदार. आकडा एकीकडे आणि देव दुसरीकडे जात असेल तर देवाच्या मागे जावं. आकडा लिहिताना हात चुकतो, पण आपण विठोबासमोर राहतो की मुरलीधराजवळ यात सहसा कोणी चुकत नाही.

पायरी चौथी : आधी गल्ली, मग घर. सगळा ढीग एकदम क्रमाने लावायला जाऊ नये. पहिल्या फेरीत फक्त गल्ली पाहून पत्र त्या गल्लीच्या खणात टाकावं. दुसऱ्या फेरीत एकेक खण रिकामा करून घरं लावावीत. मोठ्या ढिगात एका पत्राची जागा शोधत बसण्यापेक्षा छोट्या वीस ढिगांत ती चटकन सापडते.

इथे नवा माणूस हमखास घसरतो, कारण तो घरं नंबरांच्या चढत्या क्रमाने लावतो. पेठेतला घर नंबर हा रस्त्याचा नसतो, पेठेचा असतो. पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांचे नंबर लागोपाठचे असू शकतात आणि दारं मात्र दोन वेगळ्या गल्ल्यांत उघडतात.

समजा, खणात चार पत्रं आहेत : ६४३, ११८७, ११८८ आणि ११९०. आपण पेरूगेटाकडून येतो. पहिलं दार लागतं ११८७ चं. थोडं पुढे, रस्त्याच्या पलीकडे ६४३. मग वळसा घेऊन मागच्या बोळात शिरलं की आधी ११९० येतं आणि नंतर ११८८, ज्याची मागची भिंत ११८७ ला टेकलेली आहे. म्हणजे खरा क्रम ११८७, ६४३, ११९०, ११८८. चढत्या क्रमाने लावणारा आधी ६४३ ला जाईल, तिथून मागे फिरून ११८७ गाठेल, बोळात ११९० ओलांडून ११८८ ला जाईल आणि पुन्हा ११९० ला येईल. वीस गल्ल्यांत असं झालं की तिळगूळ रथसप्तमीला पोचतो. तेव्हा टपाल गणिताने लावू नये, पायांनी लावावं. जुन्या पोस्टमनबरोबर बीट फिरून दारांची यादी लागतील तशी लिहून घ्यावी आणि तीच पाठ करावी.

पायरी पाचवी : वाडा. एका नंबरात पंधरा बिऱ्हाडं आणि त्यांत चार जोशी, ही सर्वसाधारण परिस्थिती समजावी. वाड्याचं सगळं टपाल एकत्र बांधावं आणि आत जिन्यांच्या क्रमाने लावावं. नुसतं ‘जोशी’ असलेलं पत्र तळाशी ठेवावं. ते अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं की चारही जोशी बाहेर येतात आणि हस्ताक्षरावरून आपसात निकाल लावतात. नॉटपेड पत्र असेल तर चौघांपैकी एकही जोशी घरी नसतो, कारण त्यावर कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे भरावे लागतात.

पायरी सहावी : पडताळा. गठ्ठा सुतळीने बांधण्यापूर्वी पत्रं अंगठ्याने सरकवत मनातल्या मनात बीट चालून यावं. जिथे मनाला मागे फिरावं लागेल तिथलं पत्र चुकलेलं असतं. दुसऱ्याच्या बीटचं पत्र निघालं तर तो निघण्यापूर्वी ते त्याच्या टेबलावर द्यावं. नंतर दिलं तर ते एक दिवस उशिरा पोचतं आणि बोलणी त्याला बसतात. पिशवी भरताना शेवटची गल्ली आधी घालावी, म्हणजे पहिली वर राहते. रजिस्टर पत्रं आणि मनीऑर्डरी सहीच्या असतात. त्या या गठ्ठ्यात मिसळू नयेत.

एवढं होईतो उजाडतं, वीज येते आणि ज्यांना काहीच लावायचं नसतं असे लोक ऑफिसात दिवे लावतात.

पाठवणाऱ्यांस विनंती. आकडे एकाच लिपीत लिहा, वाड्याचं नाव आणि जवळचा देव लिहायला विसरू नका आणि जोशींना पत्र पाठवत असाल तर त्यांचं पूर्ण नाव लिहा. हलवा पाठवणारच असाल तर पाकिटाला तिकीटही पुरेसं लावा.