ठोकलेलं आणि टेकवलेलं

"काका, तुम्हाला एक रुपयाही खर्च नाही," असं कोणी म्हणालं की माझा हात आपोआप खिशावर जातो. कोथरूडचा आमचा वन बीएचके बघायला आलेल्या तरुणानं हे वाक्य सोफ्यावर टेकायच्या आतच टाकलं. इंटीरियर तो स्वखर्चानं करणार, बदल्यात काही महिने भाडं माफ. भाडं २४ हजार, त्याचं एस्टिमेट २ लाख ४० हजार. म्हणजे १० महिने फुकट. करार ११ महिन्यांचा! उरलेल्या एका महिन्याचं भाडं मात्र तो "अगदी वेळेवर" देणार होता.

मी हिशेबात अडकलो होतो, तेवढ्यात आतून हिचा प्रश्न आला, "अकरा महिन्यांनी कपाटं कोणाची?"

त्यावरून नियम ठरला. भिंतीला ठोकलेलं ते आमचं, जमिनीवर टेकवलेलं ते त्याचं. मग यादीवर कात्री चालली. जांभळ्या दिव्यांचं फॉल्स सीलिंग ही त्याची हौस, तिचे पैसे त्याचे. पुढच्या भाडेकरूलाही उपयोगी पडतील अशा दोनच गोष्टी उरल्या, ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि बेडरूममधलं कपाट. दोन्हींचे मिळून ९० हजार. वापरणार दोघंही, म्हणून निम्मे ४५ हजार माझ्याकडे.

पण तेही सुरुवातीचे दोन महिने फुकट देऊन फेडायचे नाहीत. तिसऱ्या महिन्यात पोराची बदली झाली तर माझ्याकडे भाडंही नाही आणि अर्धवट कपाट! म्हणून दुसऱ्या महिन्यापासून दहा महिने, दरमहा साडेचार हजारांची सूट. मध्येच घर सोडलं तर उरलेली सूट बुडाली. करारात भाडं २४ हजारच लिहायचं आणि सुटीचं कलम वेगळं. नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी साडेएकोणीस हजारच मूळ भाडं आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होते.

प्लायवूड आलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. सिंकखाली साधं प्लाय लावलं की ते पाणी पिऊन फुगतं आणि दार लागेनासं होतं. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, साध्यावर ३०३. मी चष्मा लावून गुडघ्यावर बसलो. शिक्का ३०३.

"साहेब, वरून लॅमिनेट लागणार, कोणाला दिसतंय?" सुतार म्हणाला.

"पाण्याला दिसतं," मी म्हणालो. हे वाक्य मला घरी कधी सुचत नाही. फळ्या परत गेल्या, भाडेकरूचा चेहरा पडला, आणि पक्की बिलं दाखवल्याशिवाय सूट सुरू होणार नाही हे कलम हिनं तिथंच माझ्याकडून लिहून घेतलं.

आता तो राहायला आलाय. सीलिंगच्या जांभळ्या उजेडामुळे सोसायटीत आम्ही पार्लर काढल्याची बोलवा आहे. काल त्याचा फोन आला, "काका, बाल्कनीत झोपाळा टांगू का?"

टांग म्हटलं. हुक आमचा, झोपाळा तुझा.