चुंबक खिशात ठेवा, पावती हातात घ्या

नागपंचमीला लेक माहेरी येणार म्हणून शिराळ्यात पैंजणांची खरेदी होते. दुकानदार पट्टीला चुंबक लावून दाखवतो, ती चिकटत नाही आणि गिऱ्हाईक निश्चिंत होतं. चुंबकाला लोखंडासारखे मोजकेच धातू कळतात. तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदीचा कणही नसतो, असतं ते तांबं, निकेल आणि जस्त.

वापरलेल्या पट्टीचा मुलामा ओळखायचा तर कड्या एकमेकींवर घासतात तिथे आणि घुंगराच्या मुळाशी बघा. चांदीचं पाणी आधी तिथलं उडतं आणि तांबूस किंवा पिवळा धातू डोकावतो. काळेपणावरून मात्र निकाल देऊ नका, खरी चांदीही काळवंडते.

नव्या साखळीसाठी पाणी उपयोगी पडतं. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. साखळी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. १०५ ग्रॅमची शुद्ध चांदी असेल, तर काटा १० ग्रॅम दाखवेल. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल, तर १२ च्या आसपास. पोकळ घुंगरांत हवा अडकते, त्यामुळे पैंजणांवर हा प्रयोग फसतो.

पण माझा खरा राग मुलाम्यावर नाही, तो पकडता येतो. लुबाडणूक होते ती टंचात. चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखलं जाणारं हुपरी शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तरीही आपल्याकडची माणसं नक्षी विचारतात, मजुरीवर घासाघीस करतात आणि टंच विचारत नाहीत. ६० टंचाच्या २०० ग्रॅम पट्ट्यांत चांदी १२० ग्रॅम असते. उरलेले ८० ग्रॅम मुख्यतः तांबं. सांगून विकलं तर तो धंदा. न सांगता पूर्ण वजनाला चोख चांदीचा भाव लावला तर ती चोरीच. पाण्याच्या प्रयोगातही ६० टंचाची १०५ ग्रॅमची साखळी ११ च्या आतच राहते. घरच्या काट्यावर असला फरक सहज निसटतो.

म्हणून शिक्का बघायचा, आणि नुसता '९२५' आकडा पुरेसा नाही, तो कुणीही ठोकू शकतो. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, सिल्व्हर हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरा-अंकांचा एचयूआयडी, हे सगळं हवं. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. एचयूआयडी मोबाइलवर BIS CARE मध्ये Verify HUID इथे टाकून दुकानातच पडताळा. चांदीसाठी एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ ला आला, पण सरकारने तो ऐच्छिक ठेवला. पैंजणांसारख्या घरोघरी घेतल्या जाणाऱ्या दागिन्याला ही सूट देणं मला चूक वाटतं.

शिक्का नसेल, तर टंच, वजन, भाव आणि मजुरी पावतीवर वेगवेगळी लिहून घ्या. मोडीला घट किती धरणार, तेही त्याच कागदावर. 'चांदीचे पैंजण, एक जोड' एवढंच लिहून देणाऱ्याकडे पैसे मोजू नका.