अण्णांचा घसा आणि फ्रेंच उलटतपासणी

साताऱ्याहून लिऑंला आमच्याकडे आलेल्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा घसा धरला. साधी पॅरासिटामॉल हवी होती. पण फ्रान्समध्ये २०२० पासून ती काउंटरच्या पलीकडे गेली आहे. त्यामुळे गोळी हवी असेल तर बोलणं आलंच.

"बोंझूर मादाम." हे आधी म्हणायचं. त्याशिवाय इथे आजार सुरूच होत नाही. मग मी म्हटलं, "इल आ माल आ ला गोर्ज." घसा दुखतोय.

"दप्वी कां?" कधीपासून?

"तिला सांग," अण्णा म्हणाले, "परवा नदीकाठी वारं होतं, त्यात सूनबाई तू आईस्क्रीम खायला लावलंस..."

"दोन दिवसांपासून," मी फ्रेंचमध्ये आवरलं.

"तू सॅश ऊ तू ग्रास?"

अण्णांचा चेहरा कडक झाला. "मला 'तू' म्हणते?"

"अण्णा, 'तू' म्हणजे खोकला! कोरडा की ओला, विचारतेय."

प्रश्न रास्त होता. ओल्या खोकल्यात कफ बाहेर पडू द्यायचा असतो. तिथे खोकला दाबणारं औषध देऊन चालत नाही. अण्णांनी मात्र शब्दांवर न विसंबता दुकानभर खोकून दाखवलं. रांगेतले लोक दोन पावलं मागे सरकले. निदान झालं: कोरडा.

"ताप?"

"शंभर!" अण्णांनी घरून आणलेल्या थर्मामीटरच्या भरवशावर सांगितलं आणि मीही भाबडेपणाने "सां" म्हणून मोकळी झाले. बाईंचं पेन थांबलं. त्यांच्या सेल्सिअसमध्ये शंभरला पाणी उकळतं. हिशेब केला तर ३७.८ भरले. इथे ताप ३८ पासून. दोन दशांशांनी हुकल्याचं अण्णांना फार लागलं.

"दुसरी काही औषधं?"

"बीपीची गोळी. पांढरी. छोटी."

बाई नाव मिळेपर्यंत हलेनात. मुंबईला फोन लावून नवऱ्याच्या बहिणीकडून ते मिळवलं. आयबुप्रोफेनने रक्तदाब वाढू शकतो, शिवाय बीपीच्या गोळीचा जोरही कमी पडतो. म्हणून घसादुखीवर बाईंनी डोलिप्रान, म्हणजे पॅरासिटामॉलच, काढली. एक ग्रॅमच्या आठ गोळ्या. एका वेळी एकच, दोन गोळ्यांत निदान चार तास, दिवसाला तीनच्या वर नाही. ताप चढून तीन दिवस राहिला तर डॉक्टर.

"दोनच कापून दे म्हणावं. आणि एखादी अँटिबायोटिक टाक."

पट्टी कापायची कात्री इथे नसते आणि अँटिबायोटिक अशी मागून मिळत नाही, हे मी अण्णांना सांगितलं. अण्णांची मागणी मात्र बाईंना सांगितली नाही.

पैसे देताना बाई हसून म्हणाल्या, "आणखी काही?"

एवढं फ्रेंच अण्णांना हातवाऱ्यांवरूनच कळलं. त्यांनी काउंटरवर काठी टेकली आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

"दप्वी कां?" बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी बोटाने काउंटरवर आकडा लिहिला : १९८१.