एक छटा आधी

शेवया भाजताना पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही, आणि पुढचे सगळे घोटाळे याच मिनिटांच्या पोटी जन्माला येतात. माणूस झारा घेऊन उभा आहे, आच मंद आहे, तूप पातळ झालंय, आणि शेवया पुडीतून आल्या तशाच पांढुरक्या. माणूस वाकून बघतो, गॅस पेटलाय ना? पेटलेला असतो. मग त्याचा हात आपोआप बटणाकडे जातो.

आमच्या काकांचा तर नक्कीच जातो. काका निवृत्त अभियंते. सगळा जन्म त्यांनी कामं मुदतीआधी संपवण्यात घालवला. "अगं, ही आच म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय," असं ते म्हणतात. त्यावर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वेलची कुटत बसलेली आत्या मान वर न करता म्हणते, "अहो, शेवया आहेत त्या, बॉयलर नाही."

आत्याचं बरोबर आहे आणि त्यामागचं कारण काकांच्याच विषयातलं आहे. शेवया कितीही कडक वाळवल्या तरी पोटात थोडा ओलावा धरून असतात. तो निघून जाईपर्यंत उष्णता त्यातच खर्च होते आणि रंग काही येत नाही. ओलावा संपला की मात्र रंग धावत येतो. आच मोठी केली तर शेवईची पाठ तपकिरी होते आणि पोट कच्चं राहतं. खिरीत ती शेवई बाहेरून कडवट आणि आतून पिठूळ लागते. काही न घडणारी ती मिनिटं म्हणजे खरं तर कामाचीच मिनिटं असतात. फक्त ते काम दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामावर काकांचा विश्वास नाही. (चाळीस वर्षांच्या संसारात आत्याच्या बऱ्याच कामांच्या बाबतीत हेच झालं, पण तो विषय वेगळा.)

परवा नातीच्या वाढदिवसाला खीर ठरली आणि भाजणीचं काम काकांनी मागून घेतलं. एक लिटर दुधाला एक वाटी शेवया आणि एक मोठा चमचा तूप, असा आत्याचा हिशोब. काका म्हणाले, सणाचा दिवस आहे, तूप हात सैल सोडून घालू. आत्याने डबा बाजूला ओढला. तूप इतकंच हवं की प्रत्येक शेवई चकाकेल आणि कढईच्या तळाशी तळं साचणार नाही. तळं साचलं की त्यात बुडालेल्या शेवया तळल्या जातात आणि वरच्या नुसत्या बघत बसतात.

त्याआधी शेवया मोडणं हा एक खेळच असतो. काकांनी पुडी फोडून परातीत शेवया मोडायला घेतल्या, तेव्हा त्यातल्या काही फ्रिजमागे गेल्या आणि एक काकांच्या चष्म्यावर. आत्या पुडी न फोडताच बाहेरून दाबून मोडते, बोटाच्या पेरा-पेराएवढे तुकडे. आणि मग ती एक गोष्ट करते जी मी फार थोड्या घरांत पाहिली आहे: मोडलेल्या शेवया चाळणीतून चाळून चुरा वेगळा काढते. हा चुरा म्हणजे घरभेदी. शेवया पिवळ्या व्हायच्या आत तो तळाशी जाऊन काळा होतो आणि जळका वास सगळ्यांच्या नावावर लावतो. बिचाऱ्या शेवया ठीक असतात, पण बदनाम होतात.

मग परतणं. इथे काकांना वाटलं होतं की परतणं म्हणजे ढवळणं. तसं नाही. गोल गोल झारा फिरवला तर वरच्या वरच राहतात आणि खालच्या खाली. झारा तळापासून घालून खालचं वर आणायचं, कडेचं मध्ये घ्यायचं, आणि थांबायचं नाही. चौथ्या मिनिटाच्या आसपास कच्च्या पिठाचा वास जातो आणि खमंग, बिस्किटासारखा वास येतो. शेवयांचा आवाजही बदलतो. आधी त्या कढईत मऊ घसरत असतात, आता वाळून खुळखुळ वाजायला लागतात. डोळ्यांच्या आधी नाक आणि कान जागे होतात.

आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजतो. तो आधीच्या रिकाम्या मिनिटांत कधीच वाजत नाही. काका एका हाताने झारा धरून दुसऱ्या हाताने फोन शोधायला लागले, तेव्हा आत्याने शांतपणे गॅस बंद केला. "अगं, अजून झाल्या कुठे?" काका ओरडले. खरंच झाल्या नव्हत्या. कढईत जेमतेम निम्म्या शेवया सोनेरी दिसत होत्या, बाकीच्या फिकट.

सगळी मेख इथेच आहे. गॅस बंद झाला हे जाड बुडाच्या कढईला कुणी कळवत नाही. ती तापलेलीच असते, तूपही तापलेलं असतं, आणि शेवई इतकी बारीक की पुढचं अर्धं मिनिटसुद्धा तिला पुष्कळ होतं. म्हणून हव्या त्या रंगाच्या एक छटा आधी आच बंद करायची आणि झारा चालू ठेवायचा, नाहीतर शेवया लगेच ताटात उपसायच्या. खीर करताना तिसराही मार्ग आहे: गरम दूध थेट कढईत, बेताबेताने ओतायचं. दूध उकळीच्या पुढे तापत नाही, त्यामुळे रंग तिथल्या तिथे थांबतो. थंड दूध मात्र ओतू नये. तापलेल्या तुपावर ते असं उसळतं की भाजणाऱ्याचा सदराही खिरीच्या यादीत येतो.

रंग बघण्याचीही एक अडचण. काळ्या लोखंडी कढईत सगळंच फिकट भासतं आणि पिवळ्या दिव्याखाली कच्ची शेवईसुद्धा सोन्याची दिसते. आत्या चार शेवया पांढऱ्या बशीत टाकून खिडकीपाशी नेते. निवल्यावर एक दाताखाली धरते. कट् करून तुटली आणि गोडसर लागली की झालं. भाजलेल्या म्हणून मिळणाऱ्या शेवयांना आधीच रंग असतो, तिथे बशीचा उपयोग नाही. त्या तुपात दोनेक मिनिटं परतायच्या आणि नाकाचं ऐकायचं. ईदला शेजारच्या भाभी शीरखुर्मा पाठवतात, त्यातल्या शेवया केसासारख्या बारीक. त्या भाजताना भाभी दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नसल्याचं सोंग करतात, आणि आमच्यापेक्षा बऱ्याच आधी थांबतात.

जळल्या तर? उपाय नाही. काळ्या काड्या वेचून काढल्या तरी कडूपणा तुपात उतरलेला असतो, आणि तूप सगळीकडे पोचलेलं. वर साखर वाढवली की खीर कडू आणि गोडमिट्ट, अशी दोन्ही होते.

उपम्याला मात्र आत्या काकांना थोडी मोकळीक देते. खिरीत दुधाचा रंग उजळ राहावा म्हणून शेवया फिक्या सोन्यावर थांबवायच्या. उपम्यात हळद-मिरचीपुढे एवढी नाजूक छटा कोण बघतो? तिथे किंचित पुढे गेलेल्या शेवया चालतात, उलट बऱ्या, कारण नीट भाजलेली शेवई पाण्यात लगदा न होता सुटी राहते. दोन वाट्या शेवयांना तीन वाट्या उकळतं पाणी, त्याहून जास्त नको. तेव्हा आता आमच्याकडे कामाची वाटणी झाली आहे: उपम्याच्या शेवया काका भाजतात, खिरीच्या आत्या, आणि खिरीच्या दिवशी सगळे फोन काकांनी बाल्कनीत उभं राहून घ्यायचे.