भरलेले ई-चलान पुन्हा न भरण्याची शास्त्रोक्त पद्धत

ई-चलानपीडितांचे दोन वर्ग असतात: पैसे भरूनही दंड बाकी दिसणारे आणि तोच दंड दोनदा भरलेले. पहिल्या वर्गातून दुसऱ्यात बढती मिळायला ना परीक्षा लागते, ना वशिला. ‘परत एकदा करून बघू’ एवढे म्हटले की पुरते.

नमुन्यादाखल पुण्यातले एक काल्पनिक गृहस्थ घेऊ. हेल्मेटला ओरखडे पडू नयेत म्हणून ते घरी ठेवून निघाले आणि ५०० रुपयांचे चलान आले. ३ तारखेच्या रात्री त्यांनी यूपीआयने पैसे भरले. खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश लगेच आला, पण चलानापुढचा Pending हा शब्द काही हलला नाही.

पहिली कृती: हात आवरणे. पैसे खात्यातून निघून पोलिसांच्या नोंदीत पोचेपर्यंत वाटेत तीन वह्या लागतात: बँकेची, पैसे पुढे पोचवणाऱ्या पेमेंट गेटवेची आणि पोलिसांची. गृहस्थांच्या बँकेच्या वहीत नोंद झाली आहे, पोलिसांच्या नाही. मधल्या वहीत काय झाले, हे फोनच्या पडद्याकडे रागाने पाहून कळत नाही.

दुसरी कृती: चलान क्रमांक ताडून पाहणे. ही पायरी अपमानास्पद वाटते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. एकाच गाडीवर एकाच चौकातली दोन चलाने असू शकतात, आणि भरलेले एक अन् बाकी दिसणारे दुसरेच, असेही निघते. ताडताना mahatrafficechallan.gov.in हेच पान उघडावे, कारण इतर अ‍ॅपवर दिसणारी माहिती जुनी असू शकते. मोबाइलवर आलेल्या अनोळखी लिंकवर किंवा ‘आरटीओ चलान’ नावाच्या फाइलवर विसंबून पैसे भरले असतील, तर ही पद्धत तिथेच थांबवून १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावावा.

तिसरी कृती: वाट पाहणे, पण तारीख लिहून. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने खात्यातून पैसे गेले आणि घेणाऱ्याकडे पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. गृहस्थांचे पैसे ८ तारखेपर्यंत यायला हवेत. ते १२ तारखेला आले, तर वर ४०० रुपये मिळतात. हेल्मेट न घातल्याबद्दल बक्षीस मिळण्याच्या इतक्या जवळ सहसा कोणी जात नाही.

मात्र इथेच निदान होते. पैसे परत आले, तर दंड खरोखरच बाकी आहे. तो निमूटपणे भरावा. पैसे परत आले नाहीत आणि बँक व्यवहार यशस्वी म्हणते, तर ते पुढे पोचले आहेत आणि अडले आहे ते पोलिसांच्या नोंदीत. मग बँकेशी भांडण्यात अर्थ नसतो. तक्रार वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावरील तक्रार विभागात किंवा शहराच्या वाहतूक शाखेत जाते.

तक्रारअर्जात रस्त्यावरचे खड्डे, घराण्याची प्रतिष्ठा आणि आजवर कधीही सिग्नल न तोडल्याचा इतिहास लिहिण्याचा मोह होतो. अर्ज वाचणाऱ्याला पाचच गोष्टी हव्या असतात: गाडीचा क्रमांक, चलान क्रमांक, रक्कम, व्यवहाराची तारीख-वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक. सोबत बँकेच्या उताऱ्यातली ती ओळ जोडावी. नुसता ‘पैसे कापले’ हा संदेश पुरत नाही. त्यात चलान क्रमांक नसतो, आणि ५०० रुपये भाजीवाल्यालाही दिलेले असू शकतात.

आता दुसरा वर्ग. समजा, गृहस्थांनी धीर सोडून ४ तारखेला पुन्हा पैसे भरले. किंवा त्याहून घरगुती प्रकार: त्यांना न सांगता सौभाग्यवतींनी चौकातल्या पोलिसाच्या यंत्रावर तेच चलान भरले. अशा वेळी आधी दोन्ही व्यवहारांचे निदान वेगवेगळे करावे. पाच दिवसांत एक आपोआप परत आला, तर प्रकरण मिटले. दोन्ही टिकले, तर वाहतूक शाखेकडे परताव्याचा लेखी अर्ज करावा आणि त्यात दोन्ही संदर्भ क्रमांक किंवा यंत्राची पावती द्यावी. चौकातला पोलीस पैसे घेऊ शकतो, परत देऊ शकत नाही. त्याच्याशी हुज्जत घातल्यास नवे चलान होण्याची शक्यता तेवढी वाढते.

अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. नोंद सुधारण्याआधीच लोकअदालतीची नोटीस आली, तर ‘आपण तर भरले आहे’ म्हणत ती रद्दीत टाकू नये. पोच, उतारा आणि चलान क्रमांक घेऊन दिलेल्या तारखेला हजर राहावे. नोंद सुधारल्यावर संकेतस्थळावरून पावती उतरवून गाडीच्या कागदांत ठेवावी. गृहस्थांनी ती हेल्मेटमध्ये ठेवली आहे, पण हेल्मेट अजून घरीच आहे.